गर्दीच्या, दमट हॉलमधले जिम-योगाचे कपडे: कापड, शिलाई आणि घामाचा वास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकमध्ये योगवर्गाला किंवा जिमला जाणाऱ्यांकडून हे प्रश्न वर्षभर येतात, पण जून लागला की त्यांची संख्या एकदम वाढते. त्याचं कारण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'ड्राय फिट' कापड घाम शोषतं की सुकवतं?

खरं तर दोन्ही नाही, ते घाम पसरवतं. समईच्या वातीत तेल वर चढतं ते तंतूंमधल्या बारीक फटींतून. या कापडातही घाम तसाच अंगापासून बाहेरच्या बाजूला येतो आणि मोठ्या जागेवर पातळ पसरतो. पुढचं सुकवण्याचं काम हवेचं.

सुती कापडातही फटी असतात, पण सुताचा तंतू स्वतःच पाणी पितो आणि फुगतो. साध्या हवेतही १०० ग्रॅम सुतात ७ ते ८ ग्रॅम ओलावा असतो. नायलॉनमध्ये तो साधारण ४ ग्रॅम असतो आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नसतो. पॉलिएस्टरच्या तंतूच्या आत पाणी जवळजवळ शिरतच नाही, म्हणून ते लवकर सुकतं.

बाजारात 'ड्राय फिट' हा शब्द कुठल्याही चमकदार पॉलिएस्टरला लावतात. तो काही दर्जाचा शिक्का नव्हे. कापड खरोखर घाम पसरवतं का, ते स्वतःच तपासावं लागतं (प्रश्न ५).

२. एप्रिलमध्ये हाच टी-शर्ट मस्त चालत होता, जुलैत अंगाला चिकटतो. खराब झाला का?

बहुतेक वेळा टी-शर्ट ठीक असतो, हॉलची हवा बदललेली असते.

हिशेब करून बघू. समजा हॉल १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे २४० घनमीटर हवा. वर्गात २५ जण आहेत आणि तासाभरात प्रत्येकाने ३०० मिली घाम गाळला. एकूण घाम झाला साडेसात लिटर.

एप्रिलच्या कोरड्या संध्याकाळी हॉलमध्ये ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर त्या हवेत अजून जवळपास ९ लिटर पाण्याची वाफ मावते. सगळा घाम उडून गेला तरी जागा उरते. आता जुलै. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, हॉलमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. या हवेत जागा उरते ती फक्त दीड लिटरची. वर्गाच्या पहिल्या पंधरा मिनिटांतच ती संपते. पुढचा सगळा घाम कपड्यात, मॅटवर आणि फरशीवर जातो.

घाम अंगावरून उडाला तरच अंग थंड होतं. एक ग्रॅम घाम उडताना साधारण २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. टपकलेला घाम काहीच नेत नाही. हवेत जागाच नसेल तर जगातलं सर्वात महाग कापडही तो उडवू शकत नाही.

म्हणून जुलैत समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघडल्या आणि एक एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला, तर नव्या टी-शर्टपेक्षा जास्त फरक पडतो. नुसता छताचा पंखा तीच दमट हवा फिरवतो. त्यानेही बरं वाटतं, पण हवा बदलत नाही. वर्ग घेणाऱ्यांना हे जरूर सांगा.

३. मग पावसाळ्यात घालायचं काय?

जे कमी पाणी धरून ठेवतं ते. इथे 'किती शोषतं' हा प्रश्नच उलटा आहे. घाम उडणार नसेल, तर जितकं जास्त शोषलं जाईल तितकं ओझं अंगावर राहणार.

वरच्या कपड्यासाठी १२० ते १४० जीएसएमचं, जाळीदार किंवा बारीक छिद्रांच्या विणीचं पॉलिएस्टर बरं पडतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. माप फार तंगही नको आणि झुलणारंही नको. घाम उचलायला कापड पाठीला आणि छातीला टेकायला हवं, पण काखेपाशी हवा खेळायला वाव हवा. बिनबाह्यांचा टॉप घातला तर काखेतला घाम कापडात जातच नाही, वासाचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

लेगिंग्जला हा हलकेपणा चालत नाही. २०० जीएसएमच्या खालच्या लेगिंग्ज वाकल्यावर पारदर्शक होतात. २०० ते २४० च्या घ्या आणि दुकानातच उजेडाकडे पाठ करून, पूर्ण वाकून आरशात बघा. आतून लव असलेल्या, पीचसारख्या मऊ स्पर्शाच्या लेगिंग्ज हाताला फार छान लागतात, पण ती लवच घाम धरून ठेवते. त्या डिसेंबरसाठी ठेवा.

बाहेरचं कापड कितीही चांगलं असलं, तरी आत सुती बनियन किंवा सुती ब्रेसियर असेल तर सगळा घाम तिथेच अडतो. आतला थर आधी बदला, मग बाहेरच्यावर पैसे खर्च करा.

४. लेबलवर काय बघायचं? पॉलिएस्टर घ्यावं की नायलॉन? आणि बांबू?

लेबलवर टक्केवारी असते. ती नसेल तर कपडा ठेवून द्या.

पॉलिएस्टर स्वस्त, पटकन सुकणारं आणि रंग टिकवणारं असतं, पण ते तेलकटपणा घट्ट धरतं, त्यामुळे वास जास्त मुरतो (प्रश्न ९). नायलॉन स्पर्शाला मऊ, घासायला चिवट आणि वासाला थोडं बरं, पण महाग असतं आणि सुकायला थोडा जास्त वेळ घेतं. आम्ही वरचा कपडा पॉलिएस्टरचा आणि लेगिंग्ज नायलॉनच्या असं सुचवतो, कारण घासणं मांड्यांशी होतं आणि सुकणं पाठीशी हवं असतं.

ताणासाठी त्यात स्पॅन्डेक्स असतं, त्यालाच दुकानात लायक्रा म्हणतात. टी-शर्टमध्ये ५ ते ८ टक्के पुरे. योगाच्या लेगिंग्जमध्ये १५ ते २५ टक्के हवं, नाहीतर गुडघ्यांपाशी पिशव्या होतात. दुकानदाराने 'फोर वे' सांगितलं तर कापड आडवं आणि उभं दोन्हीकडे ओढून बघा आणि सोडल्यावर ते लगेच मूळ मापावर येतं का, तेही पाहा.

'बांबू' लिहिलेलं कापड जवळजवळ नेहमी व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा नवा तंतू काढलेला असतो. ते मऊ असतं, पण सुतापेक्षाही जास्त ओलावा धरतं आणि ओलं झालं की कमजोर पडतं. शांत प्राणायामाच्या वर्गाला छान, गर्दीच्या पॉवर योगाला नको.

५. कापड खरंच घाम पसरवतं का, हे घरी कसं तपासायचं?

कपडा उलटा करा आणि वाटीवर किंवा ग्लासच्या तोंडावर सैलसर पसरा, म्हणजे खाली काही टेकणार नाही. ड्रॉपरने किंवा बोटाने पाण्याचा एक थेंब अंगाकडच्या बाजूवर सोडा आणि सेकंद मोजा.

चांगल्या कापडात थेंब दोन-तीन सेकंदांत जिरतो आणि त्याचा डाग वाढत जातो. मिनिटभराने दोन्ही बाजू बघा. बाहेरचा डाग आतल्यापेक्षा मोठा दिसला तर उत्तम. डाग बारीक आणि गडद राहिला तर कापड नुसतं शोषतंय, पसरवत नाही. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर प्रश्न ६ बघा.

दुसरी चाचणी सुकण्याची. कपडा भिजवा, मशीनमध्ये स्पिन करा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन घ्या आणि घरातच पंख्याखाली वाळत घाला. दर अर्ध्या तासाने वजन करा. कोरड्या वजनापर्यंत यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. दोन टी-शर्ट एकाच दिवशी, शेजारी शेजारी टांगले तरच तुलना खरी. एकाचं सोमवारी आणि दुसऱ्याचं पावसाच्या गुरुवारी केलं, तर तुम्ही हवामान मोजलं, कापड नाही.

६. थेंब जिरतच नाही. कापड बोगस आहे का?

नवा कपडा असेल तर एकदा साध्या डिटर्जंटने धुऊन पुन्हा तपासा. कारखान्यात मऊपणासाठी सिलिकॉनचा हात दिलेला असतो, तो पाणी अडवतो.

जुना कपडा आधी चालत होता आणि आता थेंब बसतो, असं असेल तर संशय फॅब्रिक सॉफ्टनरवर घ्या. सॉफ्टनर तंतूंवर तेलकट थर चढवतो आणि फटी बंद होतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आणि वडीचा साबण ही जोडीही तेच करते, कारण साबणाचा न विरघळणारा मळ कापडात बसतो. सॉफ्टनर आणि वडी बंद करा, लिक्विड डिटर्जंट वापरा, एकदा जास्त खळबळा. तीन-चार धुण्यांत फरक दिसतो.

तरीही थेंब बसलाच, तर घाम पसरवण्याचा गुण वरून लावलेल्या रसायनाचा होता आणि ते धुऊन गेलं. तो परत येत नाही. काही कापडांत तंतूलाच खाचा असतात, त्यांचा गुण धुण्याने जात नाही. दुकानात बघून हा फरक कळत नाही. दहा धुण्यांनंतर थेंबाची चाचणी पुन्हा केली की कळतो.

७. शिलाईत काय बघायचं? काखेत आणि मांड्यांमध्ये लाल पट्टे उठतात.

कपडा उलटा करा आणि शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडखळलं तर घामात ती जागा घासणार.

साध्या टी-शर्टला ओव्हरलॉक असते. बरेच टेलर तिलाच इंटरलॉक म्हणतात. तिच्यात दोन्ही कडा एकत्र होऊन आत उभी धार तयार होते. कोरड्या अंगाला ती जाणवत नाही, पण ओली त्वचा मऊ पडते आणि चाळीस मिनिटांत सोलवटते. फ्लॅटलॉकमध्ये कडा एकमेकींवर सपाट बसतात आणि दोन्ही बाजूंना जाळीसारखे दोरे दिसतात. काख, मांडीची आतली बाजू आणि छातीखालचा पट्टा, या तीन ठिकाणी फ्लॅटलॉक हवीच. बाकी ठिकाणी ओव्हरलॉक चालते, तिथे जास्त पैसे देऊ नका.

योगासाठी आणखी एक जागा बघा: पाठीची मधली शिवण. नौकासनात किंवा हलासनात जाताना मणके तिच्यावरूनच लोळतात.

लेगिंग्जमध्ये चार शिवणी जांघेत एका बिंदूवर मिळत असतील तर त्या घेऊ नका. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा, म्हणजे मियानी, लावलेली हवी. तिच्यामुळे ताण एका बिंदूवर न येता चार बाजूंना वाटला जातो. उपविष्ट कोणासनात टर्रकन आवाज येतो तो बहुतेक मियानी नसलेल्या लेगिंग्जचा.

शिवणीऐवजी चिकटपट्टीने जोडलेले कपडेही मिळतात. घासत नाहीत, पण पट्टीतून घाम बाहेर जात नाही आणि इस्त्री लागली की ती सुटते.

८. शिवण उसवली तर कोपऱ्यावरच्या टेलरकडे देता येईल का?

देता येईल, पण नीट सांगून द्या. साधी सरळ टीप घातली तर पहिल्याच ताणाला दोरा तुटतो, कारण कापड ताणतं आणि टीप ताणत नाही. बारीक झिगझॅग टीप, पॉलिएस्टरचा दोरा आणि गोल टोकाची ११ नंबरची सुई सांगा. टोकदार सुई स्पॅन्डेक्सचे धागे तोडते. मग शिवणीच्या बाजूने ओळीने बारीक छिद्रं दिसतात आणि दोन महिन्यांत तीच फाटतात.

घेताना शिवण दोन्ही हातांनी दीडपट ताणा. दोऱ्याचा कुरकुर आवाज आला किंवा मध्ये टाके विरळ दिसले, तर तिथेच परत करा.

९. धुतल्यावर वास नसतो. घालून पाच मिनिटं झाली की येतो. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या घामातले काही घटक त्वचेवरचे जिवाणू तोडतात आणि त्यातून वासाचे पदार्थ तयार होतात. हे पदार्थ आणि त्वचेचं तेल दोन्ही पॉलिएस्टरला घट्ट चिकटतात, कारण पॉलिएस्टरला पाणी आवडत नसलं तरी तेल आवडतं. सुतातून ते धुऊन जातात, पॉलिएस्टरमध्ये थोडे मागे राहतात. शिवाय वास करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर सुतापेक्षा जास्त वाढतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्यांना प्रामुख्याने सिंथेटिक कापडावर वाढलेले दिसले.

थंड, कोरड्या कपड्यात हा उरलेला थर शांत बसलेला असतो. अंगाची ऊब आणि नवा घाम मिळाला की तो सुटतो. म्हणून कपाटात वास घेऊन काही कळत नाही. काखेच्या जागेवर गरम पाण्याचा ओला रुमाल मिनिटभर दाबा आणि मग वास घ्या.

जास्त पावडर टाकून हे जात नाही. उलट न निघालेला फेस कापडात राहतो आणि मळ धरतो.

१०. मुरलेला वास काढायचा कसा?

चार लिटर कोमट पाणी घ्या. हात सुखाने बुडेल इतकं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास. त्यात दोन मोठे चमचे ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पूर्ण विरघळवा. कपडा उलटा करून त्यात तास-दीड तास भिजवा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा. मग एन्झाइम असलेल्या लिक्विड डिटर्जंटने नेहमीसारखा धुवा, सॉफ्टनर न घालता, आणि एकदा जास्त खळबळा. हे महिन्यातून एकदा पुरतं.

यात नेहमी तीन चुका होतात. उकळतं पाणी ओतलं की स्पॅन्डेक्स सैल पडतं. क्लोरीनचं ब्लीच घातलं तर ते तुटतंच आणि कपडा लवकरच लुळा होतो. तिसरी चूक म्हणजे त्याच बादलीत व्हिनेगरही घालणं. परकार्बोनेट आणि व्हिनेगर मिळून डोळ्यांना आणि त्वचेला झोंबणारं आम्ल बनतं. जंतुनाशक द्रवात बुडवून ठेवण्याचाही फार उपयोग नाही. जिवाणू मरतात, तेलाचा थर तसाच राहतो आणि दुसऱ्या वर्गाला नवे जिवाणू त्याच थरावर बसतात.

११. 'अँटी-बॅक्टेरिअल' किंवा चांदीचं फिनिश असलेला टी-शर्ट घ्यावा का?

थोडा फायदा होतो, पण त्यासाठी दुप्पट किंमत देऊ नये. चांदीचे कण जिवाणूंची वाढ रोखतात, पण तेल काढत नाहीत, आणि वरून लावलेलं फिनिश धुण्यागणिक कमी होतं. लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकतं हे लिहिलं असेल तर विचार करा. असा कपडा न धुता तीन दिवस घालता येतो, हा समज सोडून द्या.

१२. पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाच वास येतो. हाही घामाचाच का?

नाही, दोन्ही वास वेगळे आहेत. घामाचा वास आंबूस असतो आणि काखेतच एकवटलेला असतो. कपडा हळू वाळला की येणारा वास कुबट असतो आणि सगळ्या कपड्याला सारखा येतो. कुबट वासाला भिजवण्याचा खटाटोप नको. पुन्हा धुवा आणि लवकर वाळवा.

लवकर वाळवायचं तर स्पिन दोनदा करा, कपडा उलटा करून हँगरवर घाला, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा आणि पंखा लावा. कमरेचा रुंद पट्टा सर्वात शेवटी वाळतो, तिथे हात लावूनच घडी करा. उन्हाळ्यात मात्र गच्चीवरच्या कडक उन्हात दिवसभर टांगू नका, उन्हाने स्पॅन्डेक्स ठिसूळ होतं. सावली आणि वारा पुरे.

१३. वर्गातून थेट ऑफिसला जातो. ओले कपडे संध्याकाळपर्यंत डिकीतच राहतात. चालेल का?

सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी उबदार, बंद आणि दमट असते. जिवाणूंना याहून चांगली जागा मिळणार नाही. त्यात प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे कहरच.

वर्ग संपल्यावर तिथल्याच नळाखाली कपडा साध्या पाण्यात एक मिनिट खळबळा, पिळा, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाळीच्या पिशवीत घाला. ऑफिसात खुर्चीमागे टांगता आला तर उत्तम. डिकीतच ठेवणं भाग असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा आणि घरी पोचल्या पोचल्या धुवा. खळबळल्याने घामातलं मीठही जातं, त्यामुळे काळ्या कपड्यावर पांढरे नकाशे उमटत नाहीत.

१४. फ्लॅटलॉक शिलाई असूनही पुरळ येते. आता काय?

पुरळ कुठे आहे ते बघा. शिवणीच्या रेषेतच असेल तर घासणं आहे, माप बदला. जांघेत गोल, कडेला जास्त लाल आणि खाजणारे चट्टे असतील तर बहुधा गजकर्ण आहे. ओले कपडे तासन् तास अंगावर राहिले की ते वाढतं. मेडिकलमधून स्टिरॉइडचं मिश्र मलम आणून लावू नका. त्याने चट्टा आधी दबतो आणि मग पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तिसरा प्रकार क्वचित दिसतो. गडद निळ्या किंवा काळ्या पॉलिएस्टरच्या कपड्याने, तो जिथे तंग बसतो तिथेच पुरळ उठते. पॉलिएस्टर रंगवायच्या काही रंगांची काही जणांना अॅलर्जी असते. फिका रंग घालून दोन आठवडे बघा.

१५. आमच्या वर्गात एसी आहे. शवासनात कुडकुडायला होतं. मग सुती कपडे घालू का?

वर्ग हलका असेल आणि घाम जेमतेम येत असेल, तर सुती सलवार-कुर्ता किंवा टी-शर्ट खुशाल घाला. कोरडा असेपर्यंत सुती कपडा सर्वात सुखाचा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, पंख्याखालीही तो चालून जातो.

पण आधी पाऊण तास सूर्यनमस्कार आणि मग एसीत शवासन असा वर्ग असेल तर सुती कपडा नको. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे ओल्या कपड्यातलं पाणी भराभर उडू लागतं आणि त्यासाठीची उष्णता अंगातूनच घेतं. सुती कपड्यात पाणी जास्त, म्हणून थंडीही जास्त वेळ वाजते. पातळ पॉलिएस्टर काही मिनिटांत सुकून थांबतं. शवासनाआधी वरचा कपडा बदला. दोन मिनिटं लागतात. ते जमत नसेल तर कोरडा सुती पंचा पाठीखाली आणि दुसरा छातीवर घ्या.